घेऊन जा गे मारबत, ही लेट फी!

वाचकाचे पत्र

नमस्कार दादा,

मी महालात राहते, शाळेत शिक्षिका आहे. क्रेडिट कार्डवर १२ जुलैला १२,००० रुपयांची शिलाई मशीन घेतली आणि २८ जुलैला ६,४६० रुपयांचे कपडे. बिल आलं १८,४६० चं, शेवटची तारीख २३ ऑगस्ट. त्या दिवशी मारबत होती, चौथा शनिवारही होता. दिवसभर घरात पाहुणे. रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी मोबाइलमधल्या अ‍ॅपवरून पूर्ण १८,४६० भरले. बचत खात्यातून पैसे लगेच कापले गेले, अ‍ॅपवर हिरवी खूणही आली. पुढच्या बिलात पेमेंटची तारीख २५ ऑगस्ट दाखवली आहे. लेट फी ९५०, व्याज ८१५.७० आणि जीएसटी ३१७.८३, म्हणजे एकूण २,०८३.५३ रुपये लावलेत. कस्टमर केअरवाली मुलगी म्हणते, "मॅडम, सात वाजेनंतरचं पेमेंट पुढच्या कामकाजाच्या दिवशी धरतात. शनिवार-रविवार बँक बंद होती." मी तर शेवटच्या तारखेच्या आतच भरले. हे पैसे परत मिळतील का?

— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर

ताई,

त्या २,०८३.५३ रुपयांचे आधी दोन भाग करा, कारण दोन्हींची लढाई वेगळी आहे. लेट फी आणि तिच्यावरचा जीएसटी, म्हणजे ९५० अधिक १७१, मिळून १,१२१ रुपये. हे तुम्हाला परत मिळायलाच हवेत. इथे बँकेची बाजू लंगडी आहे, आणि गंमत म्हणजे बँकेचंच म्हणणं खरं मानलं तरी लंगडी आहे. उरलेले ९६२.५३ रुपये व्याजाचे आणि व्याजावरच्या जीएसटीचे. तिथे तुमच्याजवळ मुद्दा आहे, पण भांडावं लागेल.

आधी लेट फी. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये क्रेडिट कार्डांबद्दल सविस्तर निर्देश काढले. कार्ड देणाऱ्या बँकांना ते बंधनकारक आहेत. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की खातं तीन दिवसांपेक्षा जास्त काळ थकीत राहिलं, तरच बँकेला लेट फी लावता येते आणि तरच लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या क्रेडिट ब्यूरोला 'थकीत' म्हणून कळवता येतं. दिवस मोजायचे ते बिलावर छापलेल्या शेवटच्या तारखेपासून.

आता तुमच्या तारखा त्यात बसवून पाहा. शेवटची तारीख २३. बँक म्हणते पैसे २५ ला आले. ठीक आहे, वादापुरतं धरू की २५ लाच आले. मग थकीत दिवस किती? दोन. कुणी फारच कडक होऊन २३ तारखेची रात्रही मोजली, तर तीन. तीनपेक्षा जास्त कसेही होत नाहीत. पैसे २७ तारखेला जमा झाले असते, तर बँकेने लेट फी लावली असती आणि मीही तुम्हाला "भरून टाका" म्हटलं असतं.

म्हणून फोनवर कट-ऑफ सातची की दहाची, यावर वाद घालत बसू नका. त्या मुलीच्या स्क्रीनवर तेवढंच उत्तर लिहिलेलं असतं आणि ती ते वाचून दाखवते. तुम्ही शांतपणे एवढंच विचारा, "पैसे २५ ला आले असं तुम्हीच म्हणता, मग तीन दिवसांच्या आत लेट फी कोणत्या नियमाने लावली?" या प्रश्नावर बहुतेक वेळा फोन वरिष्ठांकडे जातो.

यात एक पोटनियमही आहे. लेट फी लावायचीच झाली तर ती शेवटच्या तारखेनंतर जेवढी रक्कम बाकी राहिली तेवढ्यावरच लावायची, बिलाच्या पूर्ण रकमेवर नाही. तुम्ही सगळेच पैसे एकदम भरले, म्हणून तुम्हाला त्याचा उपयोग नाही. पण ज्यांनी १८ हजारांपैकी १५ हजार वेळेत भरले आणि तरी पूर्ण १८ हजारांच्या टप्प्याची फी लागली, त्यांनी आपलं बिल पुन्हा एकदा पाहावं.

आता सुट्टीचं. मारबतीच्या दिवशी नागपुरात जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात. शाळा बंद, सरकारी कचेऱ्या बंद, म्हणून सगळ्यांना वाटतं बँकाही बंद. पण बँकांची सुट्टी ठरते ती १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याखाली निघालेल्या अधिसूचनेने, जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने नाही. त्या सुट्ट्यांची यादी रिझर्व्ह बँक आपल्या कार्यालयांप्रमाणे देते, आणि त्यात मुंबई, बेलापूर आणि नागपूर असे वेगवेगळे रकाने असतात. तुमच्या वेळी बँक बंद होती ती मारबतीमुळे नाही, चौथा शनिवार होता म्हणून. २०१५ च्या सप्टेंबरपासून दुसरा आणि चौथा शनिवार सगळ्या बँकांना सुट्टी असते. मारबत पहिल्या किंवा तिसऱ्या शनिवारी आली असती तर मिरवणूक इतवारीतून जात असतानाही बँक उघडी राहिली असती. तिथवर पोहोचणार कसं, हा प्रश्न वेगळा.

आणखी एक समज माझ्याजवळ येणाऱ्या दहांपैकी आठ जणांच्या डोक्यात असतो. शेवटची तारीख सुट्टीच्या दिवशी आली की ती आपोआप पुढच्या कामकाजाच्या दिवसावर जाते, असं त्यांना वाटतं. क्रेडिट कार्डाच्या बिलाला असा सरसकट नियम नाही. एखाद्या बँकेने आपल्या अटींमध्ये तशी सवलत दिली असेल तर ती त्या बँकेपुरती. वर सांगितलेल्या १८८१ च्या कायद्यात तर हुंडी किंवा वचनचिठ्ठीची मुदत सुट्टीच्या दिवशी आली तर ती आदल्या कामकाजाच्या दिवशी संपली असं धरतात, म्हणजे अगदी उलट! तो नियम कार्डाच्या बिलाचा नाही, पण सुट्टी नेहमी देणेकऱ्याच्याच बाजूने असते हा भ्रम मोडायला पुरेसा आहे.

बँकेला मात्र 'बंद होतो' म्हणायला तोंड राहिलेलं नाही. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालते, रविवारीही आणि दिवाळीतही. दर अर्ध्या तासाला एक बॅच सुटते. यूपीआय आणि आयएमपीएसला तर सुट्टी कधी नव्हतीच. म्हणजे २३ च्या रात्री तुमचे पैसे कुठेतरी रस्त्यात अडकून सोमवारची वाट पाहत बसले, असं झालेलं नाही. ते पोहोचले. कार्ड विभागाने ते तुमच्या कार्डाच्या खात्यावर चढवले सोमवारी. या दोन गोष्टींतला फरक व्याजाच्या भांडणात कामाचा आहे, म्हणून तो थोडा उलगडून सांगतो.

तुमच्या एका पेमेंटला तीन वेळा असतात. पहिली, बचत खात्यातून पैसे कापले गेले ती. दुसरी, कार्ड देणाऱ्या बँकेला पैशांचा निरोप पोहोचला ती. तिसरी, कार्डाच्या खात्यावर जमेची नोंद पडली ती. अ‍ॅपवरची हिरवी खूण पहिल्या दोन वेळांबद्दल बोलते, बिल तिसऱ्या वेळेबद्दल. बऱ्याच अ‍ॅपवर त्या खुणेखाली बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं की बँकेकडे नोंद व्हायला एक-दोन दिवस लागू शकतात. हिरवं दिसल्यावर खालचं कोण वाचतं! मीही वाचत नव्हतो. ज्या बँकेचं कार्ड आहे तिच्याच अ‍ॅपमधून तिच्याच बचत खात्यातून भरलं, तर तिन्ही वेळा जवळजवळ एकच असतात. दुसऱ्या अ‍ॅपमधून भरलं की मध्ये बिल भरणा यंत्रणा येते, म्हणजे भारत बिल पेमेंट, ज्याला आता भारत कनेक्ट म्हणतात. तिथे तिसरी वेळ मागे पडू शकते.

आता तुमचं व्याज. ८१५.७० हा आकडा आला कुठून, तेही पाहून घ्या, कारण दोन दिवसांच्या उशिराला एवढं व्याज पाहून कुणाचाही जीव दडपेल. कार्डावरचे ते पन्नास-एक दिवस बिनव्याजी असतात ते एका अटीवर, पूर्ण बिल शेवटच्या तारखेपर्यंत भरलं तर. ती अट मोडली असं बँकेने धरलं की व्याज २३ ऑगस्टपासून लागत नाही, खरेदीच्या दिवसापासून लागतं. तुमचा आकडा मी महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के दराने करून पाहिला. मशीनचे १२,००० रुपये १२ जुलै ते २५ ऑगस्ट, ४४ दिवस, व्याज ६०७.५६. कपड्यांचे ६,४६० रुपये २८ जुलै ते २५ ऑगस्ट, २८ दिवस, व्याज २०८.१४. बेरीज ८१५.७०. पैशापैशाचा हिशोब जुळला.

या जुळण्यातच तुमचा मुद्दा आहे. हे सगळं व्याज एकाच गृहीतावर उभं आहे, की पैसे २३ ला नाही, २५ ला मिळाले. जमेची तारीख २३ झाली तर पूर्ण बिल वेळेत भरलं असं होतं आणि व्याज अर्धं नाही, पूर्ण शून्य होतं. म्हणून बँकेकडे "व्याज कमी करा" असं मागू नका. "माझ्या पेमेंटची जमेची तारीख २३ ऑगस्ट करा" एवढंच मागा. बाकीचे आकडे त्या एका तारखेमागून आपोआप पडतील.

बँक यावर सात वाजेच्या कट-ऑफचं म्हणेल. ती वेळ कुठे लिहिली आहे ते मागा. कार्डासोबत 'सर्वात महत्त्वाच्या अटी व शर्ती' नावाचा कागद असतो, बँकेच्या साइटवरही तो असतो, लोक त्याला एमआयटीसी म्हणतात. त्यात पेमेंटच्या प्रत्येक मार्गापुढे किती वेळ लागेल ते असतं. तुम्ही वापरलेल्या मार्गासाठी तिथे सातची वेळ स्पष्ट लिहिलेली असेल, तर व्याजाबाबत बँकेची बाजू मजबूत आहे, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. तीन दिवसांची सवलत लेट फीला आणि ब्यूरोच्या नोंदीला आहे, व्याजाला नाही. तसं झालं तर नियम म्हणून नाही, विनंती म्हणून मागा. जुनी ग्राहक आहे, आजवर कधी उशीर झाला नाही, एकदा माफ करा. बँका असं व्याज एखाद्या वेळी सोडतात. पण कागदात सातचा उल्लेख नसेल, किंवा 'त्याच दिवशी जमा' असं लिहिलेलं असेल, तर मग माघार घेऊ नका.

तक्रार लेखीच करा. फोनवर तक्रार क्रमांक मिळतो, पण तुम्ही काय म्हणालात ते तिकडच्या माणसाच्या शब्दांत नोंदलं जातं. ई-मेल करा किंवा बँकेच्या साइटवरच्या तक्रारीच्या रकान्यात लिहा. सोबत तीन गोष्टी जोडा. बचत खात्याचं त्या दिवशीचं स्टेटमेंट, अ‍ॅपची पावती आणि कार्डाचं नवं बिल. पावतीवरचा व्यवहार क्रमांक मजकुरात टाइप करा, नुसता फोटो लावू नका. यूपीआयने दिले असतील तर तो बारा अंकी क्रमांक असतो आणि बिल भरणा यंत्रणेचा क्रमांक वेगळा असतो. दोन्ही दिसले तर दोन्ही लिहा. कार्डाचे शेवटचे चारच अंक द्या, पूर्ण क्रमांक ई-मेलवर कधीच नाही.

मजकूर साधारण असा:

"माझ्या कार्डाच्या (शेवटचे अंक ….) १८,४६० रुपयांच्या बिलाची शेवटची तारीख २३ ऑगस्ट होती. पूर्ण रक्कम मी २३ ऑगस्टला रात्री ९.४० वाजता भरली, व्यवहार क्रमांक …. आपण जमेची तारीख २५ ऑगस्ट दाखवली आहे. ती तारीख मला मान्य नाही, पण ती धरली तरी खातं तीन दिवसांपेक्षा जास्त थकीत नव्हतं. त्यामुळे रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्ड निर्देशांनुसार लेट फी लावता येत नाही. लेट फी ९५० रुपये आणि तिच्यावरचा जीएसटी १७१ रुपये परत करावेत. जमेची तारीख २३ ऑगस्ट करून व्याज ८१५.७० आणि त्यावरचा जीएसटी १४६.८३ रुपये परत करावेत. तसं करणार नसाल, तर या पेमेंट मार्गासाठीची कट-ऑफ वेळ ज्या अटीत आहे तिची प्रत द्यावी. क्रेडिट ब्यूरोला हे खातं थकीत म्हणून कळवलं असल्यास दुरुस्ती करावी."

यापेक्षा लांब लिहू नका. मारबत, पाहुणे, तब्येत यातलं काही नको. वाचणारा माणूस कारणं शोधत नाही, तारखा शोधतो.

पत्र गेलं त्या दिवसापासून तीस दिवस मोजा. तेवढ्यात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठी सिव्हिल लाइन्समधल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत चकरा मारायची गरज नाही. तक्रार cms.rbi.org.in वर ऑनलाइन होते, फी नाही, वकील लागत नाही. कुठे अडलं तर १४४४८ हा चौकशीचा क्रमांक आहे. मात्र बँकेला आधी लिहिलं नसेल तर लोकपाल तक्रार घेत नाही, म्हणून पहिल्या ई-मेलची तारीख जपून ठेवा. आणि फार दिवस जाऊ देऊ नका.

आता एक नाजूक गोष्ट. तक्रार चालू असताना पुढच्या बिलाची शेवटची तारीख येईल आणि त्यात हे २,०८३.५३ उभेच असतील. "चूक बँकेची, मी का भरू" म्हणून तुम्ही ते अडवून धरलेत, तर मूळ भांडणात नवं भांडण शिरतं. पुन्हा थकीत, पुन्हा फी, आणि या वेळी तीन दिवसही खरेच उलटलेले. माझा सल्ला, पैसे भरून टाका आणि त्याच ई-मेलच्या खाली एक ओळ लिहा, "वाद कायम ठेवून भरत आहे, मान्य म्हणून नव्हे." परत आले की ते कार्डावर जमा होतात, बुडत नाहीत.

चेकने भरणाऱ्यांसाठीही दोन शब्द, कारण नागपुरात अजून बरेच ज्येष्ठ लोक एटीएमजवळच्या पेटीतच चेक टाकतात. तिथे सुट्टी खरोखरच आडवी येते. चेकची यंत्रणा बरीच वेगवान झाली आहे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक ठरलेल्या वेळेत येतील तसे पुढे पाठवले जातात आणि चेक ज्या बँकेचा असेल तिला संध्याकाळी ७ पर्यंत हो-नाही कळवावं लागतं. पण हे सगळं कामकाजाच्या दिवशी, आणि चेक पेटीतून बाहेर निघाल्यावर. मी स्वतः एकदा शुक्रवारी संध्याकाळी पेटीत चेक टाकला होता. पुढे चौथा शनिवार, मग रविवार, सोमवारी सणाची सुट्टी. पेटी उघडली मंगळवारी, पैसे पडले बुधवारी. शेवटची तारीख शुक्रवारच होती. पाच दिवस झाले, लेट फी लागली, आणि ती नियमाने लागली होती. इतकी वर्षं बँकेत काढून मीच पेटीवरची 'पेटी उघडण्याची वेळ' वाचली नव्हती. बायकोने ते प्रकरण अजून सोडलेलं नाही.

तुमच्या पत्रात शाळेचा उल्लेख आहे म्हणून विचारतो, पगार कधी होतो? २३ तारीख म्हणजे बऱ्याच घरांत पगार संपत आलेला असतो, आणि माणूस शेवटच्या रात्रीपर्यंत थांबतो ते त्यामुळेच. बिलाचं चक्र किमान एकदा बदलून घ्यायचा हक्क रिझर्व्ह बँकेने कार्डधारकांना दिला आहे. बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा कस्टमर केअरला सांगून शेवटची तारीख पगारानंतरच्या आठवड्यात आणता येते. ही तक्रार निकाली निघाल्यावर करा. आत्ताच चक्र बदललंत तर बिलांच्या तारखा सरकतील आणि हिशोब दाखवताना तुमचीच पंचाईत होईल.

ब्यूरोचंही एकदा पाहून घ्या. चारही क्रेडिट ब्यूरोंकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. सप्टेंबर संपल्यावर कोणत्याही एकाचा काढा आणि या कार्डापुढे ऑगस्टच्या महिन्यात किती थकीत दिवस दाखवलेत ते बघा. तिथे शून्य असायला हवं. दोन किंवा तीन दिसले तर तो कागदही तक्रारीला जोडा, कारण तेवढ्या दिवसांसाठी थकीत म्हणून कळवायची बँकेला मुभाच नव्हती.

पैसे परत आले की बिलात ओळी मोजा. लेट फी एका ओळीत परत येते आणि तिचा जीएसटी दुसऱ्या ओळीत. ९५० दिसले म्हणून बिल बाजूला ठेवू नका. १७१ ची ओळ नसेल तर त्याच तक्रार क्रमांकावर पुन्हा लिहा.